वर्गमूळाचा अवकलज : न लिहिलेल्या दोन ओळी

अकरावी-बारावीच्या गणितात अवकलनाची सुरुवात मूळ व्याख्येवरून होते. x², x³ ही उदाहरणे झाली की √x येते आणि तिथे फळ्यावर एक अजब गोष्ट घडते. शिक्षक अंश आणि छेद या दोहोंना √(x+h) + √x ने गुणतात. विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतात. कराड, सातारा, इस्लामपूर, मिरज अशा वेगवेगळ्या गावच्या मुलांच्या वह्या गेली काही वर्षे माझ्या पाहण्यात आल्या. ही सहा-सात ओळींची मांडणी सगळीकडे जवळजवळ अक्षरशः सारखी आहे. पाठ्यपुस्तकात ती तशीच असते, गाईडात तशीच असते, म्हणून वहीतही तशीच असते. तिच्यात चूक अशी काही नाही. पण दोन ठिकाणी जे लिहायला हवे ते लिहिलेले नसते आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

प्रथम मांडणी डोळ्यांसमोर ठेवू. वाढीचे गुणोत्तर असे आहे :

(√(x+h) − √x) / h

यात h = ० ठेवले तर ०/० येते, म्हणून ते तसे ठेवता येत नाही. वर सांगितल्याप्रमाणे गुणले की अंशात (x+h) − x, म्हणजे नुसता h उरतो. तो छेदातल्या h बरोबर जातो आणि राहते :

१ / (√(x+h) + √x)

आता h शून्याकडे गेला की उत्तर १/(२√x). झाले!

पहिला प्रश्न असा की हा गुणक सुचला कोठून? ‘ही युक्ती लक्षात ठेवा’ असे उत्तर बहुधा मिळते. त्यातून मुलांची एक वेगळीच अडचण होते. नववीत त्यांना करणी शिकवताना छेदाचे परिमेयीकरण घोटून घेतलेले असते. छेदात वर्गमूळ राहू द्यायचे नाही, अनुबद्ध जोडीने गुणून ते वर आणायचे, हा तिथला शिरस्ता. अकरावीत आपण नेमके उलटे करतो. अंशातली वर्गमूळे मुद्दाम छेदात नेऊन ठेवतो. हुशार मुलाला वाटते, हे तर नियमाविरुद्ध! त्याला मोकळेपणाने सांगावे की असा नियम मुळात नव्हताच. छेद परिमेय केला की हाताने भागाकार करणे सोपे जाते, एवढीच त्या सवयीमागची सोय होती. भागाकारासाठी भाजक-भाज्य दोहोंना चिन्ह बदललेल्या करणीने गुणण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, म्हणजे १२ व्या शतकात, दिलेली आहे. आपली सोय आता वेगळी आहे, म्हणून तीच रीत आपण उलट्या दिशेने वापरतो.

ही वेगळी सोय कोणती, ते शेताच्या उदाहरणाने चांगले दिसते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते. समजा, १ हेक्टरचा अगदी चौरस तुकडा आहे. क्षेत्र १०,००० चौरस मीटर, बाजू १०० मीटर. वर्गमूळ म्हणजे क्षेत्रावरून बाजू काढणे. आता चौरसपणा न मोडता क्षेत्र फक्त १ चौरस मीटरने वाढवायचे आहे. बाजू किती वाढेल? वाढलेला भाग दोन लगतच्या बांधांच्या कडेने काटकोनात पसरेल. त्यात १०० मीटर लांबीच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौरस असेल. पट्टीची रुंदी k धरली तर

२ × १०० × k + k² = १

कोपरा सध्या बाजूला ठेवला तर k = १/२०० मीटर, म्हणजे ५ मिलिमीटर. कोपऱ्याचे क्षेत्र २५ चौरस मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे. ते हिशेबात घेतले तर रुंदी ५ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी येते, इतकेच. १/(२√x) मध्ये x = १०,००० घालून पाहा. १/२०० हेच येते. सूत्रातला २ पट्ट्या दोन असल्यामुळे आला. १०० चे मूळ बाजूच्या लांबीत आहे. परीक्षेत तो २ विसरणारी मुले पुष्कळ असतात. ज्याने एकदा ही आकृती काढली तो सहसा विसरत नाही.

हेच अक्षरांत लिहू. क्षेत्र x, वाढ h, बाजूची वाढ k. मग २k√x + k² = h. डावीकडून k बाहेर काढला तर k(२√x + k) = h, म्हणून k/h = १/(२√x + k). इथे २√x + k म्हणजे जुनी बाजू अधिक नवी बाजू, म्हणजेच √x + √(x+h). फळ्यावर आकाशातून पडल्यासारखा वाटणारा गुणक तो हाच. क्षेत्रातला फरक = बाजूंतला फरक × बाजूंची बेरीज, हे आठवीतले सूत्र. बाजूंतला फरक थेट हाती लागत नाही, क्षेत्रातला फरक मात्र h इतका आहे हे पक्के ठाऊक असते. म्हणून अवघड फरकाचे ओझे आपण सोप्या फरकावर टाकतो.

थेट फरक हाती लागत नाही म्हणजे काय, याचा अनुभव वर्गात आकडे घालून देता येतो. x = २ घ्या आणि सर्व वर्गमूळे तीन दशांश स्थळांपर्यंतच लिहायची असे ठरवा. √२ = १.४१४. आता मूळ गुणोत्तर काढू. h = ०.१ असताना √२.१ = १.४४९, गुणोत्तर ०.३५. h = ०.०१ असताना √२.०१ = १.४१८, गुणोत्तर ०.४. h = ०.००१ असताना √२.००१ = १.४१५, गुणोत्तर चक्क १. आणि h = ०.०००१ असताना √२.०००१ पुन्हा १.४१४ च, म्हणून गुणोत्तर ०. h जितका लहान करावा तितके उत्तर बिघडत गेले! सीमा म्हणजे ‘h लहान करत जा’ एवढेच ज्याने ऐकले आहे, त्याचा यावर विश्वास बसणार नाही.

आता हीच तीन स्थळांची वर्गमूळे घेऊन बदललेले रूप १/(√(x+h) + √x) वापरू. त्याच क्रमाने उत्तरे येतात ०.३४९३, ०.३५३१, ०.३५३५, ०.३५३६. खरे उत्तर १/(२√२), म्हणजे ०.३५३६ च्या अगदी लगत. वर्गमूळांतली चूक दोन्ही वेळा तेवढीच होती. पहिल्या रूपात जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी होते, सुरुवातीचे सारखे अंक एकमेकांत उडून जातात आणि शिल्लक राहते ती बहुतेक चूकच. वर ती इवल्याशा h ने भागल्यामुळे फुगते. दुसऱ्या रूपात वजाबाकीच नाही. कॅल्क्युलेटर घेतला तरी हा प्रकार टळत नाही. त्याचे अंक जास्त म्हणून तो थोडा उशिरा सुरू होतो. बीजगणितात दोन्ही रूपे समान आहेत आणि हिशेबात त्यांची किंमत इतकी वेगळी आहे, हे एकदा दिसले की ‘युक्ती’ हा शब्द कोणी वापरणार नाही.

न लिहिलेली पहिली ओळ ही. दुसरी शेवटच्या पायरीत आहे. h → ० असताना √(x+h) हे √x कडे जाते, असे आपण धरून चालतो. का जाते? वर्गमूळ हे फलन सलग आहे म्हणून. पण ते सलग आहे हे वर्गात कोणी दाखवलेले नसते, आणि ‘अवकलनीय आहे म्हणून सलग आहे’ असे म्हणावे तर आपण गोल फिरून तिथेच येतो. गंमत म्हणजे पुरावा याच मांडणीत पडून आहे. दोन बाजूंतला फरक h भागिले बाजूंची बेरीज इतका असतो. ही बेरीज √x पेक्षा लहान असूच शकत नाही. म्हणून फरकाचा आकार |h|/√x च्या पलीकडे जात नाही. x ठरलेला आहे, तेव्हा h शून्याकडे गेला की फरकालाही शून्याकडे जावेच लागते. एवढी एक ओळ लिहिली की सिद्धता पुरी होते. h ऋण असला तरी चालते, फक्त x+h ऋण होऊ नये इतका तो लहान हवा.

या ओळीत आपण √x ने भागले, म्हणून x > ० ही अटही इथेच कळते. बहुतेक वह्यांत ती कोठेच नसते. मग x = ० ला काय होते, असे विचारले की मुले सांगतात, ‘सूत्राच्या छेदात शून्य येते, म्हणून अवकलज नाही.’ निष्कर्ष बरोबर आहे, कारण मात्र चूक. सूत्र x > ० साठी काढले, ते शून्याबद्दल काहीच बोलत नाही. शून्यापाशी व्याख्येकडेच परत जावे लागते. तिथे √x डावीकडे नाहीच, म्हणून h धनच घ्यायचा. गुणोत्तर √h/h, म्हणजे १/√h. h = ०.०१ ला ते १०, ०.०००१ ला १००, ०.०००००१ ला १०००. ते कोठेही थांबत नाही, म्हणून अवकलज नाही. शेताच्या भाषेत, जिथे मुळात बाजूच नाही तिथे पट्ट्याही नाहीत. सगळे नवे क्षेत्र त्या कोपऱ्यातल्या चौरसाचे, ज्याला आपण मघाशी बाजूला ठेवले होते.

चुकीच्या कारणाने आलेले बरोबर उत्तर पुढच्या उदाहरणात दगा देते. विद्यार्थ्यांना x√x हे फलन द्यावे. गुणाकाराच्या नियमाने अवकलज √x + x/(२√x) येतो. x = ० घातले की दुसऱ्या पदात ०/० दिसते, आणि वरच्या सवयीने मुले ‘अवकलज नाही’ असे लिहून मोकळी होतात. व्याख्येने पाहिले तर गुणोत्तर h√h/h, म्हणजे √h. उजवीकडून h शून्याकडे गेला की तेही शून्याकडे जाते. तेव्हा शून्यापाशी या फलनाला उजवीकडचा अवकलज आहे, आणि तो ० आहे.