XACK केलं म्हणजे ऑर्डर एकदाच गेली असं नाही

ट्रेडिंगमध्ये सिग्नल काढणारी प्रोसेस आणि ऑर्डर पाठवणारी प्रोसेस वेगळ्या ठेवतात, मध्ये रेडिस स्ट्रीम. ट्युटोरियल्स सांगतात, कन्झ्युमर ग्रुप वापरा, पोचपावती आहे, सिग्नल हरवणार नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. माझ्या प्रयोगात (खोट्या ब्रोकरवर, खरे पैसे नव्हते) काय झालं ते बघा.

सकाळी १०:१५:०२ ला '५० शेअर घ्या' हा सिग्नल आला. आयडी `1700023502000-0`. ऑर्डर प्रोसेसने तो वाचला, ब्रोकरला पाठवला, आणि `XACK` करण्याआधीच बंद पडली. रेडिसच्या मते सिग्नल अजून प्रलंबित. १०:२१:०२ ला प्रोसेस त्याच कन्झ्युमर नावाने उठली आणि तिने आधी आपले प्रलंबित सिग्नल मागितले:

```
XREADGROUP GROUP orders c1 STREAMS signals 0
```

(शेवटी `0` दिलं की स्वतःचे प्रलंबित मिळतात, `>` दिलं की नवीन.) तोच सिग्नल परत आला, ऑर्डर परत गेली. हातात ५० ऐवजी १०० शेअर!

मग `XACK` आधी करायचं का? तसं केलं आणि प्रोसेस ऑर्डर पाठवण्याआधी पडली, तर सिग्नल कायमचा गेला. 'पाठवलं' अशी खूण `SET ... NX` ने करून ठेवा, असाही सल्ला मिळतो. पण खूण करणं आणि पाठवणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, त्यांच्या मधली फट तशीच राहते. मूळ अडचण अशी की ऑर्डर गेली की नाही हे रेडिसला कळूच शकत नाही. ते फक्त ब्रोकरला माहीत असतं.

म्हणून माझ्या मते उपाय रेडिसच्या बाहेर आहे. स्ट्रीमचा आयडी ऑर्डरला टॅग म्हणून लावायचा. रिप्ले करताना आधी ब्रोकरच्या ऑर्डर बुकमध्ये तो टॅग शोधायचा. सापडला तर नुसतं `XACK`. नाही सापडला तर वय बघायचं. आयडीचा पहिला भाग मिलिसेकंदातली वेळ असते, त्यामुळे वेगळं काही साठवावं लागत नाही. इथे वय ३६० सेकंद. माझी मर्यादा ३० सेकंदांची, म्हणजे ऑर्डर गेली नसती तरी हा सिग्नल शिळा झालाय. नोंद करून `XACK` करायचं, पाठवायचा नाही.

यालाही मर्यादा आहेत. ब्रोकरने टॅग स्वीकारायला हवा. आणि पाठवलेली ऑर्डर बुकात दिसायला वेळ लागत असेल, तर उठल्याउठल्या विचारून उपयोग नाही, थोडं थांबून विचारायला हवं.

तुमच्या सिस्टिममध्ये ही फट आहे का ते बघायचं असेल, तर ऑर्डर पाठवण्याच्या आणि `XACK` च्या ओळींमध्ये `os._exit(1)` टाकून एकदा चालवा. मग ती ओळ काढून पुन्हा चालवा आणि ब्रोकरकडे ऑर्डर किती झाल्या ते मोजा.