‘खरोखर’ मोजून भागत नाही: अरबी शपथ, ‘इन्न’ आणि आपला ‘च’

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका वाचकानं मला पीएचडीचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय होता कुराणाच्या अनुवादांतला जोर. पद्धत सोपी होती. मूळ अरबीत जिथे जिथे ‘इन्न’ हा जोर देणारा शब्द येतो, तिथे अनुवादात ‘खरोखर’, ‘निश्चितच’ किंवा ‘निःसंशय’ असं काही आहे का ते बघायचं. असेल तर एक गुण, नसेल तर शून्य. ज्याची बेरीज जास्त तो अनुवाद जास्त प्रामाणिक. त्याच्या परवानगीनं इथे लिहितो आहे, कारण यातली चूक आपल्यापैकी कुणाच्याही हातून होऊ शकते. मी मुळात भौतिकशास्त्राचा, त्यामुळे मोजणीला माझा विरोध नाही. पण या मोजणीत व्हेरिएबलच चुकीचं घेतलं आहे.

आधी आपल्याच बोलण्यातलं बघा. गाईडनं सहज विचारलं, तर तुम्ही म्हणता, ‘रीडिंग घेतलं.’ त्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली, तर म्हणता, ‘घेतलं ना सर.’ आणि ‘तू घेतलंच नाहीस, आकडे बनवलेस’ असं ते म्हणाले, तर? ‘घेतलेलंच आहे सर, देवाची आन.’ रीडिंग तेच, घटना तीच. बदललं आहे ते फक्त समोरच्याच्या मनातलं. म्हणजे जोर हा वाक्याचा गुण नसतो, तो ऐकणाऱ्याच्या शंकेला दिलेलं उत्तर असतो.

नेमकं हेच अरबी वक्तृत्वशास्त्रानं, म्हणजे बलागानं, हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवलं आहे. अकराव्या शतकातले अब्दुल काहिर जुरजानी यांनी ‘दलाइल अल-इजाज’मध्ये एक किस्सा दिला आहे. नवव्या शतकातला तत्त्वज्ञ अल-किंदी एका व्याकरणकाराकडे जातो आणि तक्रार करतो की अरबीत फार भरताड आहे. ‘अब्दुल्ला उभा आहे’ हे एकदा साधं म्हणतात, एकदा पुढे ‘इन्न’ लावून म्हणतात आणि एकदा ‘इन्न’ लावून वर ‘उभा’ या शब्दाला ‘ल’ जोडून म्हणतात. अर्थ तर एकच! व्याकरणकाराचं उत्तर असं की अर्थ तीन आहेत. पहिलं वाक्य म्हणजे नुसती बातमी. दुसरं म्हणजे विचारणाऱ्याला दिलेलं उत्तर. तिसरं म्हणजे नाकारणाऱ्याला दिलेलं उत्तर. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी यातूनच तीन पायऱ्या पक्क्या केल्या: ऐकणारा कोरा, ऐकणारा साशंक, ऐकणारा नाकारणारा. नकार जितका कडक, तितकी जोराची साधनं वाढवायची. या शिडीच्या वरच्या टोकाला शपथ असते.

हे खरं आहे का, हे तपासायचं तर काय हवं? एकच विधान, एकाच तोंडून, दोनदा. आणि मध्ये फक्त ऐकणाऱ्याची स्थिती बदललेली. बाकी सगळं स्थिर. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. कुराणाच्या ३६व्या सूरेत, म्हणजे यासीनमध्ये, अशी एक जोडी अगदी तयार सापडते.

एका वस्तीकडे दोन दूत पाठवले जातात, लोक त्यांना खोटं ठरवतात, मग तिसरा दिला जातो. चौदाव्या आयतीत ते सांगतात की आम्हाला तुमच्याकडे पाठवलं आहे. इथे ‘इन्न’ आहे, ‘ल’ नाही. पंधराव्या आयतीत वस्तीचे लोक ओळीनं तीन नकार देतात: तुम्ही आमच्यासारखीच माणसं, वरून काही उतरलेलं नाही, तुम्ही खोटं बोलता. सोळाव्या आयतीत दूत तेच विधान पुन्हा करतात. पण आता सुरुवातीला ‘आमचा रब जाणतो’ येतं, ‘इन्न’ राहतं आणि शेवटच्या शब्दाला ‘ल’ चिकटतो. आधी ‘मुरसलून’ होतं, आता ‘लमुरसलून’. बाराव्या शतकातले भाष्यकार जमख्शरी याच फरकावर बोट ठेवतात: पहिलं सांगणं आहे, दुसरं नकाराला उत्तर आहे, आणि ‘आमचा रब जाणतो’ हे इथे शपथेचं काम करतं.

आता यमकाकडे लक्ष द्या. हे सजअ, म्हणजे यमकबद्ध गद्य आहे. या आयतींचे शेवट ‘-ऊन’वर पडतात. ‘ल’ नेमका त्या यमकाच्या शब्दाला लागतो. ऐकणाऱ्याच्या कानात ‘मुरसलून’ आधीच बसलेलं असतं, मधल्या आरोपाचा शेवटही त्याच ‘-ऊन’वर होतो, आणि मग तोच शब्द एक अक्षर जड होऊन परत येतो. कानाला आपोआप तुलना करता येते.

आता सिनॉप्सिसमधला गुणांचा तक्ता इथे लावा. अनुवादकानं चौदाला ‘निश्चितच’ लिहिलं, सोळालाही ‘निश्चितच’ लिहिलं. दोन्हीकडे पूर्ण गुण! पण दूतांवर खोटेपणाचा आरोप झाला आणि त्यामुळे त्यांचा आवाज बदलला, हे वाचकाला कळलंच नाही. जोराचा शब्द आला, जोर गेला.

ही सवय काही मराठीपुरती नाही. निजामाच्या हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मार्मड्यूक पिकथॉल यांचा १९३०चा इंग्रजी अनुवाद बघा. ‘इन्न’ आलं की त्यांचा ‘लो!’ हा जुना उद्गार बहुतेक ठरलेला. याचा एक फायदा आहे: अरबी न येणाऱ्यालाही मुळात ‘इन्न’ कुठे असावं याचा अंदाज येतो. पण पानोपानी तोच उद्गार वाचून कान बधिर होतो, आणि शिडीची कोणती पायरी आहे ते समजत नाही. शिवाय प्रत्येक ‘इन्न’ नकाराला उत्तर देत नाही. आज्ञेनंतर आलेलं ‘इन्न’ बरेचदा नुसतं कारण सांगतं. तिथे मराठीत ‘कारण’ किंवा वाक्याच्या शेवटी ‘ना’ पुरतो. ‘निःसंशय’ लिहिलं तर नसलेलं भांडण तयार होतं.

मग सोळावी आयत मराठीत कशी आणायची? इथे तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण ‘रब जाणतो’ची. मराठीत सवयीनं ‘देव जाणे’ लिहिलं, तर अर्थ बरोबर उलटा होतो. ‘देव जाणे’ म्हणजे ‘मला काय माहीत’! दूत ठामपणे बोलत आहेत आणि मराठी वाचक त्यांना खांदे उडवताना बघतो. ‘आमचा रब साक्षी आहे’ हे शपथेच्या जवळ जातं, जरी ‘जाणणं’ हा शब्द त्यात सुटतो.

दुसरी अडचण ‘की’ची. ‘आमचा रब जाणतो की…’ असं लिहिणं अगदी साहजिक वाटतं. पण अरबीत ‘जाणतो’च्या पुढे ‘की’ या अर्थानं सहसा ‘अन्न’ येतं. इथे ‘इन्न’ आहे. एका स्वराचा फरक, आणि तो पुढच्या ‘ल’मुळेही येतो; पण ‘रब जाणतो’ ही शपथ धरली, तर पुढचं वाक्य ‘जाणतो’च्या पोटात जात नाही, ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. म्हणून मराठीतही ‘की’ काढून वाक्य तोडायला हवं.

तिसरी अडचण ‘च’ची, आणि ही आपली खास. अरबी ‘ल’ला मराठीत सर्वांत जवळचा ‘च’. पण तो कुठे लावता? ‘आम्हालाच पाठवलं आहे’ म्हणजे दुसऱ्या कुणाला नाही. ‘तुमच्याकडेच पाठवलं आहे’ म्हणजे दुसऱ्या गावी नाही. लोकांनी हे नाकारलेलंच नाही. त्यांनी पाठवणंच नाकारलं आहे. म्हणून ‘च’ क्रियापदावर हवा: ‘पाठवलेलंच आहे’. मराठीचा ‘च’ वगळण्याचं कामही करतो, ‘ल’ ते करत नाही. त्यामुळे जागा चुकली की वाद भलत्याच मुद्द्यावर जातो.

माझा मसुदा असा. चौदाला: ‘आम्हाला खरंच तुमच्याकडे पाठवलं आहे.’ सोळाला: ‘आमचा रब साक्षी आहे! आम्हाला तुमच्याकडे पाठवलेलंच आहे.’ मधले शब्द मी मुद्दाम तेच ठेवले आहेत. सुंदर दिसावं म्हणून एकीकडे ‘पाठवलं’ आणि दुसरीकडे ‘धाडलं’ केलं असतं, तर यमक तर गेलंच आहे, तुलनाही गेली असती. माझ्या मसुद्यातही दोष आहे. ‘पाठवलेलंच’मध्ये ‘आधीच पाठवून झालं आहे’ अशी छटा डोकावते. मोठ्यानं वाचताना आवाजानं ती सावरता येते, कागदावर नाही.

एक प्रश्न उरतो. समोर कुणी नाकारणारा नसेल तर? १०३ क्रमांकाची अल-अस्र ही सूरा तीनच आयतींची आहे. पहिल्या दोन आयतींत काळाची शपथ, ‘इन्न’ आणि ‘ल’ ही तिन्ही साधनं एकावर एक येतात, आणि विधान असतं माणूस तोट्यात असल्याचं. संवाद नाही, आरोप नाही. बलागाचं उत्तर असं की ऐकणाऱ्यानं तोंडानं नाकारलं नसलं तरी तो नाकारल्यासारखा जगतो, म्हणून त्याला नाकारणारा धरलं जातं. इथे ‘च’ची परीक्षा आणखी कडक होते. ‘तोट्यातच आहे’ लिहिलं तर ‘तोट्याशिवाय काही नाही’ असं दार बंद होतं, आणि तिसरी आयत तर लगेच अपवाद सांगते. ‘तोट्यात आहेच’ लिहिलं तर विधान ठाम राहतं आणि अपवादाला जागाही उरते.

तर सिनॉप्सिसमध्ये काय बदलायचं? त्या वाचकाला मी एवढंच लिहिलं: तक्त्यात ‘इन्न’ आणि ‘खरोखर’ या दोन रकान्यांच्या आधी एक रकाना वाढव. त्यात प्रत्येक जागी ऐकणारा कोण आहे आणि आधीच्या आयतीत त्यानं नेमकं काय नाकारलं आहे, ते लिही. ते लिहिता आलं नाही, तर त्या ओळीला गुण देऊ नकोस. ओळी कमी होतील, पण उरतील त्या काहीतरी मोजत असतील.