शेवट न सांगता पुस्तक सांगावे कसे?

आमच्या धर्मग्रामाच्या ग्रंथालयासाठी युवकांनी पुस्तकांची ओळख करून देणाऱ्या मिनिटभराच्या चित्रफिती काढण्याचे योजिले असून, पहिली संहिता आमच्याकडे वाचावयास आली. पुस्तक होते ‘एका कोळियाने’, अर्थात अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ सालच्या कादंबरिकेचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद. निवड उत्तम, संहिता मात्र आम्ही परत धाडली.

तिचा आरंभच असा होता की, शेवट वाचताना डोळे पाणावतात. आपण कथा फोडलेली नाही, असा लिहिणाऱ्याचा प्रामाणिक समज होता. परंतु शेवट कोणत्या रंगाचा आहे एवढे कळले, तरी वाचक पानोपानी त्याच रंगाची वाट पाहू लागतो. घटना सांगितली नाही म्हणून रहस्य राखले गेले, असे होत नाही. (तो रंग खरा की खोटा, हे आम्हीही येथे सांगत नाही.)

पुढे कारणे पाच: लेखकाला १९५४ साली मिळालेले नोबेल पारितोषिक, धैर्य, समुद्रवर्णन, अनुवादाचा गोडवा आणि पानांची अल्प संख्या. मिनिटात जेमतेम शंभर-सव्वाशे शब्द बोलून होतात. त्यांत पाच कारणे कोंबली तर एकही ध्यानात राहत नाही. शिवाय ‘धैर्याची गाथा’ हे शब्द हव्या त्या पुस्तकाला चिकटविता येतात.

आम्ही सुचविलेला आरंभ असा: ‘सांतियागो या म्हाताऱ्या कोळ्याला ८४ दिवसांत एकही मासा मिळालेला नाही. पहिले ४० दिवस सोबत एक मुलगा होता. आईबापांनी त्यालाही दुसऱ्या होडीवर पाठविले. ८५व्या पहाटे म्हातारा एकटाच निघतो, आणि या खेपेस फार दूर.’ येथेच थांबावे. हे सारे आरंभीच्या पानांतील आहे.

कारणही तेथूनच घ्यावे. म्हातारा चार गळ सोडतो: ४०, ७५, १०० आणि १२५ वावांवर. इतरांचे दोर प्रवाहात वाहवतात; शंभर वाव समजावेत, तर गळ साठावरच लोंबत असतो. याचे दोर सरळ उभे. दैव रुसले तरी हातचे काम रेसभर ढळू न देणारा माणूस पाहावयाचा असेल, तर हे पुस्तक वाचावे. ज्यांच्या घरी जाळी वाळत पडलेली असतात, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

“फादर, मासा गळाला लागतो की नाही, तेही सांगायचे नाही का?” एका युवकाने विचारले. नाही, तेही नाही. आम्ही स्वतः हे पुस्तक तीनदा वाचले आहे, आणि शेवट ठाऊक असूनही गोडी उणावली नाही, हे खरे. पण ती दुसऱ्या वाचनाची गोडी. पहिली दुसऱ्याच्या हातून हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही.

अखेरीस पुस्तकाचे व अनुवादकाचे नाव सावकाश, दोनदा उच्चारावे. ग्रंथालयात प्रत एकच आहे.