उंच छत आणि बंद झरोका

भंडारा-पवनीकडच्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती करताना सागवानी खांब घासून-पुसून उजळतात, चौकात फरशी बसते आणि माडीच्या छपरालगतचे झरोके मात्र विटांनी बुजवले जातात. पाखरं येतात, धूळ येते, ही तक्रार खरीच. पण त्या झरोक्यांसोबत वाड्याचं अर्धं शास्त्र बुजतं.

तळमजल्याच्या खिडकीपासून माडीच्या झरोक्यापर्यंत ६ मीटर अंतर धरू. रात्री घरातली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांनी गरम आहे आणि खाली-वर प्रत्येकी अर्धा चौरस मीटर वाट मोकळी आहे. वारा अजिबात नसला, तरी ताशी सुमारे हजार घनमीटर हवा या वाटेनं वर निघून जाते. उंची निम्मी केली तर प्रवाह तिसऱ्या हिश्शाहूनही कमी घटतो. खालची-वरची वाट निम्मी केली तर तो सरळ निम्मा होतो. उंच छताचं कौतुक करणारे हे विसरतात. वर तोंड नसेल, तर उंच छताखाली गरम हवा नुसती साठून राहते.

मे महिन्यातल्या दुपारी गणित उलटतं. बाहेर ४५ अंश आणि जाड मातीच्या भिंतीआड त्याहून बरंच कमी. मग आतली थंड, जड हवा खालच्या दारातून बाहेर सांडते आणि वरून झळ आत ओढली जाते. दाराशी उदबत्ती धरली की कळतं: धूर अंगणाकडे वळला, तर झरोका लावून घ्यावा. म्हणूनच जुन्या घरांत सकाळी दारं-खिडक्या लोटून दिवेलागणीनंतर उघडत. ही शिस्त मोडली, तर वाडाही नव्या घरासारखाच तापतो. कूलर लावला, की मात्र वरची वाट उघडीच हवी, नाहीतर आत नुसता दमटपणा कोंडतो.

उजेडाचा हिशेब वेगळा. दोन फुटी भिंतीतल्या अरुंद खिडकीतून आकाश फार थोडं दिसतं. तिच्या कडा आतल्या बाजूला तिरप्या कापून चुन्यानं पांढऱ्या केल्या, तर तोच उजेड खोलीभर पसरतो. हल्ली त्या कडांवर गडद रंग दिसतो, तो मला खटकतो. चौकाचं तर थेट सूर्याशी नातं आहे. भंडारा साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या शेवटी भरदुपारी ऊन उभं चौकात पडतं आणि ओसरी सावलीत राहते. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर येतो. चौक जितका रुंद तितक्याच उंच भिंती असल्या, तर ऊन उत्तरेकडच्या ओसरीच्या पायथ्याशी पोचतं. थंडीत माणसं तिथंच बसतात.

चार्ल्स कोरियांनी १९६०च्या दशकात अहमदाबादच्या ‘ट्यूब हाउस’मध्ये गरम हवा उतरत्या छताच्या कडेनं वर नेऊन आढ्यातून बाहेर सोडली. तोच धडा आपल्या नव्या बंगल्यांत अपुरा राहतो: चौक ठेवतात आणि पावसासाठी त्यावर पारदर्शक पत्रा चारी बाजूंनी घट्ट बसवतात. दुपारी त्याखाली भट्टी होते. पत्रा हवाच असेल, तर भिंतीपासून हातभर उचलून बसवावा, आणि ती फट खालच्या खिडक्यांच्या मोकळ्या क्षेत्रफळापेक्षा कमी नसावी.