एकच साठ, दोन दिशा : ‘स्टेबल’ या शब्दाची चिकित्सा

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. शब्द कुठून येतो आणि आपण त्याच्याकडून काय काय वदवून घेतो, एवढंच बघायची सवय लागली. आज एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. कॅन्सरच्या रुग्णाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टखाली तो शब्द येतो : ‘स्टेबल डिसीज’, म्हणजे आजार स्थिर आहे. नांदेड-लातूरकडच्या किती घरांत हा कागद घडी घालून ठेवलेला असेल! तोंडाच्या कॅन्सरचं आपल्याकडचं प्रमाण तुम्हाला सांगायला नको. हा शब्द वाचला की कुणी पेढे आणतं, कुणी खचून जातं. दोघांनीही शब्द नीट वाचलेला नसतो. दोष त्यांचा नाही.

रिपोर्टवरची ही भाषा ज्या नियमावलीतून येते तिचं नाव रेसिस्ट. पहिली आवृत्ती 2000 साली आली, आज वापरात असलेली 1.1 ही आवृत्ती 2009 सालची. पद्धत वर्णनाला सोपी आहे. उपचारापूर्वी एक स्कॅन काढायचा. त्यातल्या मोजता येण्याजोग्या गाठींपैकी जास्तीत जास्त पाच निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच. प्रत्येकीची सर्वांत लांब रेषा मिलिमीटरमध्ये मोजायची. लसिका ग्रंथी असेल तर मात्र तिची अरुंद बाजू मोजायची. सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनला त्याच गाठी मोजून पुन्हा बेरीज करायची.

पहिल्या बेरजेपेक्षा 30 टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली, तर ‘पार्शल रिस्पॉन्स’, अंशतः प्रतिसाद. उपचार सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत लहान बेरजेपेक्षा 20 टक्के वाढ झाली आणि ती वाढ किमान 5 मिलिमीटर असली, तर ‘प्रोग्रेशन’, आजार वाढला. नवी गाठ दिसली तरी प्रोग्रेशनच. या दोन्हींत न बसणारं जे जे उरतं, ते सगळं ‘स्टेबल’. म्हणजे बघा, स्टेबल ही स्वतंत्र व्याख्या नाहीच. वर्गात ‘पहिला वर्ग नाही आणि नापासही नाही’ असं म्हणावं, तसं ते आहे.

आता 30 आणि 20 हे आकडे आले कुठून? निसर्गात अशी रेघ आखलेली आहे का, की 30 टक्क्यांना शरीरात काही बदलतं? नाही. मुळाशी 1976 सालचा अमेरिकेतला एक प्रयोग आहे, मोर्टेल आणि हॅन्ली यांचा. त्यांनी गादीवर बारा टणक गोळे ठेवले, वर फोम रबर पसरला आणि सोळा अनुभवी कॅन्सरतज्ज्ञांना ते चाचपून मोजायला सांगितलं. गंमत अशी की काही गोळे अगदी एकाच मापाचे होते. मग प्रश्न विचारला : गोळा तोच असताना ‘आकार कमी झाला’ असं चुकून किती वेळा म्हटलं जाईल? लांबी गुणिले रुंदी 25 टक्क्यांनी घटली की प्रतिसाद, असं धरलं तर शंभरात एकोणीस ते पंचवीस वेळा चूक झाली. 50 टक्क्यांची रेघ धरली तेव्हा चूक शंभरात सात-आठवर आली. म्हणून 50 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1979 च्या नियमांत तीच रेघ आली. रेसिस्टने दोन मापांऐवजी एकच माप घेतलं. 0.7 गुणिले 0.7 म्हणजे 0.49, जवळपास निम्मं. म्हणून तिथे 30 टक्के. वाढीची 20 टक्क्यांची रेघसुद्धा अशीच, माणसांनी ठरवलेली आहे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. ‘रुग्ण बरा होतोय का?’ हा या रेघेमागचा प्रश्न नव्हता. ‘मोजणारा हात चुकला नसेल याची खात्री बाळगण्याइतका फरक पडलाय का?’ हा होता. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, पण एक नव्हेत. एकाचं उत्तर आपण दुसऱ्याचं म्हणून वाचतो, तिथे घोळ होतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, समजण्यासाठी. तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण, आजार फुफ्फुसात आणि मानेत गेलेला. फुफ्फुसातल्या दोन गाठी 30 आणि 22 मिलिमीटर, मानेतली ग्रंथी अरुंद बाजूने 28. बेरीज 80. उपचारानंतरचा पहिला स्कॅन : 24, 17, 19. बेरीज 60. घट 25 टक्के. तीसच्या आत, म्हणून लेबल ‘स्टेबल’. पुढचा स्कॅन : 21, 15, 18. बेरीज 54. घट साडेबत्तीस टक्के, लेबल ‘पार्शल रिस्पॉन्स’. घरात आनंद. त्यापुढचा स्कॅन : 23, 17, 20. बेरीज पुन्हा 60. पहिल्या बेरजेपेक्षा घट 25 टक्के, म्हणून प्रतिसाद राहिला नाही. सर्वांत लहान बेरजेपेक्षा, म्हणजे 54 पेक्षा, वाढ अकरा टक्के, म्हणून प्रोग्रेशनही नाही. लेबल ‘स्टेबल’.

थांबा इथे जरा. एकदा उतरताना 60, एकदा चढताना 60. आकडा तोच, शब्द तोच. पहिल्या वेळी औषध काम करत होतं, दुसऱ्या वेळी बहुधा आजार पुन्हा डोकं वर काढत होता. घाटात गाडी उतरताना आणि चढताना एकाच मैलाच्या दगडापाशी असते. दगड बघून दिशा कळत नाही. ‘स्टेबल’ हा शब्द त्या दगडासारखा आहे, पण आपण तो ‘गाडी उभी आहे’ असा वाचतो.

पुढे चला. बेरीज 64 झाली, तर 54 पेक्षा वाढ साडेअठरा टक्के. अजून स्टेबल. 65 झाली तर वीस टक्क्यांच्या वर, प्रोग्रेशन, आणि औषध बदलण्याची चर्चा सुरू. मधलं अंतर एक मिलिमीटर. तीन गाठींवर माऊसने रेघ ओढताना प्रत्येकी एका मिलिमीटरचा फरक पडला, तर बेरीज तीनने हलते. आमच्या शास्त्रात ढिगाचा एक जुना कूटप्रश्न आहे : एकेक दाणा काढत गेलं तर ढीग नेमका कधी संपतो? तिथे उत्तर चुकलं तर कुणाचं काही जात नाही. इथे चालू औषध बंद होऊ शकतं. आणि ही 65 सुरुवातीच्या 80 पेक्षा पंधराने कमीच आहे! नातेवाईक म्हणतात, ‘सर, आधीपेक्षा लहान आहे आणि वाढला कसं म्हणतात?’ दोघंही बरोबर असतात. ते पहिल्या स्कॅनशी तुलना करतात, नियम सर्वांत लहान बेरजेशी करतो. वाढ पकडण्यासाठी नियमाचीच बाजू योग्य आहे. फक्त तुलना कशाशी केली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग ही नियमावली टाकाऊ आहे का? मुळीच नाही. ती नसताना ‘मला फरक वाटतो’ एवढ्यावर औषधं चांगली किंवा वाईट ठरायची. शेकडो रुग्णांचे दोन गट करून कुठलं औषध आजार जास्त रोखतं हे बघायचं असेल, तर सगळीकडे एकच फूटपट्टी हवी. एका रुग्णाची एक मिलिमीटरची चूक गटाच्या हिशेबात बरीचशी बुडून जाते. ही नियमावली त्यासाठीच, चाचण्यांसाठी केली. एकेका रुग्णाचा उपचार चालू ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी हे नियम नाहीत, उपचार करणाऱ्या डॉक्टरला योग्य वाटलं तरच वापरावेत, अशा अर्थाचं 2009 च्या मसुद्यातच म्हटलं आहे. माझी टीका फूटपट्टीवर नाही. फूटपट्टीचा निकालपत्रासारखा वापर होतो, त्यावर आहे.

चाचण्यांमध्येही आकाराच्या पलीकडे जाता येतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 422 रुग्णांवर केलेली चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन, दुसऱ्याला तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब, कमी मात्रेत पण सातत्याने. मुख्य मोजमाप होतं आयुष्य : माणूस किती जगला. गोळ्यांच्या गटात मध्यक आयुर्मान साडेसात महिने, सिस्प्लॅटिनच्या गटात 6.1 महिने. फरक छोटा आहे, आजार भीषण आहे. पण प्रश्न थेट विचारला होता. तोंडाच्या कॅन्सरमध्ये याला आणखी एक कारण आहे. तिथली जखम चपटी, वेडीवाकडी असते, दातांतल्या धातूमुळे स्कॅनवर रेघोट्या उमटतात. ‘सर्वांत लांब रेषा’ कुठून कुठे ओढायची, यावरच दोघांचं एकमत होत नाही.

आता आपल्या बाजूची अडचण. पहिला स्कॅन नांदेडला, दुसरा लातूरला, तिसरा तपोवन एक्सप्रेसने जाऊन मुंबईला. मशीन वेगळं, कापांची जाडी वेगळी, मोजणारा वेगळा. दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टकडे पहिल्याची चित्रं नसतात, फक्त कागद असतो, आणि कागदावर ‘अनेक गाठी, सर्वांत मोठी 30 मिलिमीटर’ एवढंच. पाचांपैकी कुठल्या मोजल्या होत्या? तो बिचारा त्याला दिसतील त्या मोजतो. मग दोन वेगळ्या गाठींची तुलना होते आणि खाली लेबल मात्र ठाम असतं. ही चूक ओळखता येते. रिपोर्टमध्ये गाठींची जागा आणि माप, तसंच आधीच्या कुठल्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली ते लिहिलेलं नसेल, तर त्या लेबलवर फार भार टाकू नये.

म्हणून एवढंच करा. प्रत्येक स्कॅनची सीडी मागून घ्या, फिल्म आणि कागदावर भागवू नका, आणि पुढच्या स्कॅनच्या वेळी ती आधी द्या. जमेल तितकं एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने स्कॅन काढा. एका वहीत तारीख, गाठीची जागा आणि मिलिमीटर लिहीत चला; तीन ओळी झाल्या की दिशा दिसायला लागते. त्याच वहीत रुग्णाचं वजन, त्याला गिळता येतं का, झोप लागते का, हेही लिहा. मग डॉक्टरांना ‘स्टेबल म्हणजे चांगलं ना?’ असं विचारू नका. विचारा, ‘बेरीज किती होती, किती झाली, आणि तुलना पहिल्याशी केली की सर्वांत लहानाशी?’ लातूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वडिलांच्या बाबतीत हे विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची ओढून स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि तिन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. उत्तर त्याला हवं होतं ते नव्हतं. पण पुढचा निर्णय त्या घराने समजून घेतला.