काय कापू?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर दहावीचा क्लास चालतो. क्लासचे सर परवा जाहिरातीच्या कागदाचा नमुना घेऊन वर आले. "काका, छापखानेवाला म्हणतो गर्दी झालीय. काय कापू?"

गर्दी कसली, वहीच्या पानाएवढ्या जागेत संध्याकाळचं दादर स्टेशन उतरलं होतं! सत्तावीस फोटो, फीचे अकरा आकडे आणि पाच फोन नंबर. असा कागद वर्तमानपत्रातून घरंगळतो आणि रद्दीत जाईपर्यंत फार तर तीन-चार सेकंद हातात राहतो. मी तो हात लांब करून धरला. वाचता आलं ते फक्त 'यशाची परंपरा'. पण ती परंपरा कोणाची, ते कळेना.

फोटो टपाल तिकिटाएवढे. पातळ कागदावर शाई पसरल्यामुळे सगळी मुलं एकाच आईची दिसत होती. "हा पहिला कोण?" मी विचारलं.

"चिन्मय. शहाण्णव टक्के!"

"वर्षभर होता?"

सर चष्मा पुसू लागले. "शेवटचा महिना. सराव परीक्षांना."

सरांकडे साठाच्या वर मुलं आहेत. पन्नासाहून अधिक मुलांच्या क्लासांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. मुलाचा फोटो छापायचा तर निकालानंतर घेतलेली लेखी संमती हवी आणि तो कोणत्या कोर्सला होता, तेही सांगायला हवं. हे ऐकून सर खुर्चीत खचले. "काका, फोटो काढला तर त्याची आई काय म्हणेल? तिनं चार मुलं पाठवलीत." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तरी सत्तावीसही फोटो काढायला लावले, आणि 'वर्षभर शिकलेली मुलं इतकी, त्यांत ऐंशीच्या वर इतकी' अशी एक खरी ओळ घालायला सांगितली.

फीचं त्यामानानं सोपं होतं. मूळ फी, सवलतीची फी, भावंडांची फी, नोट्सचे वेगळे. आईबापांना हवा असतो एकच आकडा : सगळं धरून वर्षाचे किती, आणि किती हप्त्यांत. बाकीच्या सवलती तोंडी सांगाव्यात. नाहीतरी त्या तोंडीच वाढतात.

"पाचांतला कुठला नंबर ठेवू?"

"संध्याकाळी पाच ते आठ उचलतं कोण?"

"तेव्हा मी शिकवत असतो. ही उचलते."

"मग वहिनींचा. मोठ्या अक्षरांत."

एवढं कापल्यावर ध्यानात आलं, की वर्ग कधी सुरू होणार आणि क्लास कुठे आहे, हे कागदावर कुठेच नाही.

"सगळ्यांना माहीतच आहे की!"

"ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी कशाला छापताय?"

सरांनी निमूटपणे पत्ता लिहिला. मग उरलेल्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले. "काका, इथे माझा फोटो जरा मोठा केला तर?"