'धोबी घाट' : चार माणसं, एक दोरा

अनेक कथा एकत्र गुंफणाऱ्या चित्रपटांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात कथा शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. 'बॉम्बे टॉकीज' (२०१३) मध्ये चार दिग्दर्शकांच्या चार स्वतंत्र कथा आहेत. त्यातली एक काढली, तरी बाकीच्यांचे काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र एका कथेतली गोष्ट दुसऱ्या कथेतल्या माणसाचे आयुष्य हलवते. किरण राव यांचा 'धोबी घाट' (२०११) या दुसऱ्या प्रकारातला आहे.

यात चार माणसे आहेत. अरुण हा एकलकोंडा चित्रकार. शाय न्यूयॉर्कहून आलेली, मुंबईतल्या लहानसहान व्यवसायांची छायाचित्रे काढणारी. मुन्ना दिवसा धोबी आणि रात्री उंदीर मारणारा. आणि यास्मिन, मलिहाबादहून लग्न करून मुंबईत आलेली. यास्मिन भावाला, इम्रानला, खतं लिहीत नाही, ती कॅमेऱ्यावर बोलते. त्या टेप अरुणला नव्या भाड्याच्या घरात सापडतात.

पाहणाऱ्याचा गोंधळ होतो तो इथेच. तिघे वर्तमानात आहेत, यास्मिन भूतकाळात. पण दिग्दर्शिका पडद्यावर तारीख लिहीत नाही. हाताने धरलेल्या कॅमेऱ्याचे हलते चित्र आणि यास्मिनचा आवाज, एवढ्यावरून आपण काळ ओळखायचा. एकदा ही खूण लक्षात आली, की वाट चुकत नाही. शिवाय हे नाते एकतर्फी आहे, हेही कळते. अरुण तिला ऐकतो, पण तिला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून तिचे शेवटचे निरोपाचे खत त्याला हादरवून टाकते. उशीर आधीच झालेला आहे.

आता जोडणारा दोरा पाहा. मुन्ना अरुणचे कपडे धुतो आणि शायचेही. ही ओळख योगायोगाने नव्हे, व्यवसायाने आलेली आहे. दोन इमारतींमधली दारे धोब्याला माहीत असणारच! मुन्नाचे शायवर मन जडले आहे, पण शायच्या मनात अरुण आहे. शेवटी मुन्ना तिच्या गाडीमागे धावतो आणि अरुणचा नवा पत्ता तिच्या हातात देतो. त्या कागदात त्याचा स्वतःचा पराभव आहे. चित्रपटातली सर्वांत मोठी कृती सर्वांत कमी ताकदीच्या माणसाकडून होते, आणि ती त्याच्या धंद्यातूनच उगवते. म्हणून ती पटते.

उलट, मुन्नाच्या जवळच्या सलीमचा खून बाहेरून येऊन आदळतो. त्याची पूर्वतयारी फारशी नाही, त्यामुळे ते दुःख मुन्नाचे होते, पण बाकीच्या तिघांच्या कथेपर्यंत पोचत नाही. विणीतला हा सैल टाका आहे.

असा चित्रपट पाहताना एक कसोटी लावावी : ही कथा उचलून बाजूला ठेवली, तर दुसरीत काय बदलेल? यास्मिनच्या टेप काढून घ्या. अरुण मग फक्त रिकाम्या घरात बसलेला एक चित्रकार उरतो.